फोन द्या, पण एकच खोली उघडी ठेवून

आमच्याकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात, फोन मागणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत. शेजारची मुलगी गृहपाठासाठी मागते, भाचा गेमसाठी मागतो, कुणाला कुठे कॉल करायचा असतो. आणि त्याच फोनमध्ये बँकेचे ओटीपी असतात, यूपीआय असतं, घरातल्या बायकांचे लग्नातले फोटो असतात. नाही म्हणणं उद्धट वाटतं आणि उघडा फोन देणं जिवावर येतं. माझ्या मते यावर एक साधा मार्ग आहे: फोन एका ॲपपुरताच द्यावा. अँड्रॉइडमध्ये ही सोय 2014 पासून, म्हणजे पाचव्या आवृत्तीपासून आहे. तिला ॲप पिन करणं म्हणतात.

Settings उघडा आणि वरच्या शोधपट्टीत pin टाइप करा. App pinning, Screen pinning किंवा सॅमसंगमध्ये Pin app असं नाव सापडेल. ते चालू करा. त्याच ठिकाणी, सोडताना पिन किंवा पॅटर्न विचारावा असा आणखी एक पर्याय असतो. तोही चालू करा. तो दिसत नसेल तर आधी फोनला लॉक लावा.

आता उदाहरण घेऊ. पाचवीतल्या मुलीला पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवर मराठीचा धडा बघायचा आहे. कोड आधी तुम्हीच स्कॅन करा, धडा उघडून द्या, म्हणजे कॅमेऱ्याची परवानगी वगैरे मधे अडणार नाही. मग अलीकडे उघडलेल्या ॲपची यादी आणा. खाली तीन बटणं असतील तर चौकोनाचं किंवा तीन रेघांचं बटण दाबा. बटणं नसतील तर खालून वर बोट सरकवून क्षणभर थांबा. दीक्षाच्या चित्राच्या वर तिचं छोटं चिन्ह दिसेल, ते दाबून Pin निवडा. आता होमचं बटण दाबून ती मुलगी बाहेर जाऊ शकणार नाही आणि वरच्या पट्टीत तुमचे संदेशही दिसणार नाहीत. तुम्ही महत्त्वाच्या कॉलची वाट बघत असाल तर मात्र त्या वेळी पिन करू नका.

बाहेर पडायचं असेल तर तीन बटणांच्या फोनवर मागे जाण्याचं आणि यादीचं, अशी दोन्ही बटणं एकत्र दाबून धरा. बटणं नसलेल्या फोनवर खालून वर बोट सरकवून तसंच धरून ठेवा. त्यानंतर लॉकस्क्रीन यायला हवी. ती आली नाही, तर समजा की पिन विचारण्याचा पर्याय बंद राहिला आहे. तसा फोन दहा-बारा वर्षांच्या मुलाला देण्यात अर्थ नाही. तो बाहेर पडायला गेला की कसं पडायचं हे स्क्रीनच सांगते. आणि मुलांसमोर पॅटर्न काढत असाल तर तो त्यांना आधीच पाठ असतो.

पिन केल्यावर सगळं झाकलं गेलं असं मात्र समजू नका. एक खोली उघडी असते, पण त्या खोलीतलं सगळं उघडंच असतं. एक फोटो दाखवायला गॅलरी पिन केली, तर बोट सरकवून बाकीचे फोटो दिसतील. व्हॉट्सॲप पिन केलं तर सगळ्या चॅट उघड्या. पिन केलेलं ॲप कधी दुसरं ॲपही उघडू शकतं. अँड्रॉइड स्वतःच तसा इशारा देतं आणि जास्त खबरदारी हवी असल्यास पाहुणा वापरकर्ता, म्हणजे Guest, सुचवतं. फोटो एकच दाखवायचा असेल तर फोन आपल्याच हातात ठेवावा.

माझा खरा आग्रह बाहेर पडण्याबद्दल आहे. अब्बा फोन पिन करून मुलाला देतात आणि नमाजला किंवा बाजारात जातात. मागे दादीला बरं वाटेनासं झालं, तर घरात असलेला तो एकच फोन कार्टूनवर अडकलेला. म्हणून घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला सोडण्याची रीत आणि पिन, दोन्ही माहीत असावं. एकदा त्यांच्याच हातून करून घ्या. नुसतं सांगून ते लक्षात राहत नाही. पिन आठवला नाही तरी, लॉकस्क्रीनवरच्या Emergency मधून 112 लागतो, हेही सांगून ठेवा.

काही जण म्हणतील, हा शेजाऱ्यावर अविश्वास झाला. मला तसं वाटत नाही. त्या फोनमध्ये फक्त माझं नसतं. बहिणीचे फोटो, मैत्रिणीचे मेसेज, पालकांचे नंबर ही त्यांची अमानत माझ्याकडे असते. ती दुसऱ्याच्या हातात देण्याचा हक्क मला नाही. फोन देण्याचा आहे, म्हणून तो मोकळ्या मनाने, एका ॲपपुरता द्यावा. देताना, लपवून नाही तर सांगून पिन करावा.