मुलुंडची मागणी, घरच्या तक्त्यात



समजा, तुमचा भाचा मुलुंडला राहतो आणि उपनगरांतल्या सोसायट्यांमधून हापूसच्या पेट्यांची मागणी गोळा करतो. ती तो एका साध्या वेबपानावर लिहितो. पानावर पहिले कोष्टक दरांचे आणि दुसरे मागणीचे आहे. दररोज फोन करून आकडे उतरवून घेण्याऐवजी ते कोष्टक आपल्या गूगल शीट्समध्ये आपोआप आणता येते. कोऱ्या पानावर A1 या चौकटीत असे लिहा :

```
=IMPORTHTML("https://example.com/petya","table",2)
```

अवतरणचिन्हांत भाच्याच्या पानाचा पत्ता घालावा. शेवटचा 2 म्हणजे पानावरचे दुसरे कोष्टक. तेथे 1 लिहिले तर दर येतील. पहिल्या वेळी परवानगी विचारली जाते, ती द्यावी. मग A स्तंभात गावे आणि B मध्ये पेट्या दिसतील : मुलुंड 12, घाटकोपर 9, अंधेरी 14, बोरिवली 15. बेरीज दुसऱ्या स्तंभात करावी, उदाहरणार्थ E1 मध्ये :

```
=SUM(B2:B5)
```

उत्तर 50 यायला हवे. ते 35 आले, तर काय समजावे? भाच्याने बोरिवलीपुढे नुसते 15 न लिहिता '15 पेट्या' असे लिहिले असणार. शीट त्याला आकडा न मानता मजकूर मानते आणि बेरजेतून गुपचूप वगळते. चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. त्या भरवशावर माल भरला, तर बोरिवलीच्या 15 पेट्या घरीच राहतील. खूण सोपी आहे : आकडा चौकटीत उजवीकडे सरकतो, तर मजकूर डावीकडे राहतो. 'पेट्या' हा शब्द फक्त मथळ्यात लिहावा आणि खाली नुसते आकडे, असे भाच्याला सांगून ठेवावे.

आलेल्या कोष्टकाच्या चौकटीत स्वतः काही लिहू नये. लिहिल्यास सगळे कोष्टक नाहीसे होऊन A1 मध्ये `#REF!` दिसते. आपण लिहिलेले पुसले की ते परत येते.

हे आकडे दर क्षणाला बदलत नाहीत. शीट उघडी असताना साधारण तासाभराने ती पान पुन्हा वाचते. म्हणून गाडी भरण्यापूर्वी भाच्याचे मूळ पान उघडून आकडे ताडून पाहावेत. पानावरची जुनी मागणी पुसली गेली, की ती शीटमधूनही जाते. हिशेबासाठी त्या दिवसाचे कोष्टक नक्कल करून दुसऱ्या पानावर Ctrl+Shift+V ने चिकटवावे, म्हणजे नुसते आकडे कायम राहतात.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. पासवर्ड मागणारे पान या सूत्राला वाचता येत नाही. म्हणजे हे पान कोणालाही दिसणारच. म्हणून त्यावर गिऱ्हाइकांची नावे आणि फोन नंबर घालू नयेत; गाव आणि पेट्या एवढेच पुरे.