पेसमेकर आहे म्हणून एमआरआय नाही? आधी कार्ड दाखवा



“पेशंटला पेसमेकर आहे? मग एमआरआय होणार नाही.” तपासणी केंद्राच्या काउंटरवर एवढं ऐकून परत आलेली माणसं मला वस्त्यांमध्ये नेहमी भेटतात. काउंटरवरचा मुलगा खोटं बोलत नसतो, तो जुना नियम सांगत असतो. वीस वर्षांपूर्वी तो नियम बरोबर होता. आज तो अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा कुणी सांगत नाही म्हणून आपल्या माणसांची तपासणी राहून जाते. माझं स्पष्ट मत आहे, हे “नाही” काउंटरवर ऐकून घरी यायचं नाही. हो की नाही हे तुमचा पेसमेकर तपासणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांनी आणि एमआरआयच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं, आणि तेही तुमचं कार्ड पाहून.

आधी मशीन समजून घेऊ. पेसमेकर म्हणजे गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवलेली छोटी डबी. तिच्यात बॅटरी असते. तिथून एक-दोन वायरी शिरेतून हृदयात जातात. हृदयाचे ठोके फार कमी झाले की ती विजेचा बारीकसा ठोका देते. डिफिब्रिलेटर, म्हणजे डॉक्टर ज्याला आयसीडी म्हणतात आणि आपल्याकडे ‘शॉकची मशीन’ म्हणतात, ती दिसायला तशीच, थोडी मोठी. हृदय अचानक जीवघेण्या वेगानं धावू लागलं तर ती आतूनच शॉक देऊन ते ताळ्यावर आणते. घरात कुणाला मशीन असेल तर या दोनपैकी कोणती आहे हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत हवं. का, ते पुढं येईलच.

एमआरआयची भीती कशाची? ते यंत्र म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक, आणि त्यातून रेडिओ लहरीही सोडल्या जातात. जुन्या पेसमेकरचं काम त्यामुळे बिघडू शकतं. हृदयातल्या वायरीचं टोक तापून तिथला भाग भाजू शकतो. म्हणून पूर्वी सरसकट मनाई होती. मग कंपन्यांनी एमआरआय सहन करतील अशा डब्या आणि वायरी बनवल्या. अमेरिकेत अशा पेसमेकरला २०११ साली मंजुरी मिळाली, आणि आता आपल्याकडेही अशी मशीन बसवली जातात. कार्डावर त्यांच्यापुढं ‘एमआर कंडिशनल’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. कंडिशनल म्हणजे अटी पाळून चालेल.

यातली एक अट नेहमी विसरली जाते. डबी नवी असून भागत नाही, वायरीही त्याच प्रकारच्या हव्यात. दहा-बारा वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेल्या माणसाची बॅटरी संपली की नवी डबी बसते, पण वायरी बहुधा जुन्याच राहतात. डबीवर ‘चालेल’ लिहिलेलं असतं आणि वायरी मात्र जुन्या पिढीच्या असतात. म्हणून कार्डावर डबीचा मॉडेल नंबर आणि प्रत्येक वायरीचा मॉडेल नंबर, दोन्ही पाहावे लागतात.

आमच्या ओळखीतल्या एका आजींचं उदाहरण घ्या. हृदयाचा विजेचा मार्ग पूर्ण बंद पडल्यामुळे त्यांना सरकारी योजनेतून पेसमेकर बसवलेला. पाच वर्षांनी कंबर दुखायला लागली, मग एक पाय लुळा पडू लागला. डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय लिहून दिला. दोन केंद्रांनी परत पाठवलं. एकानं सीटी स्कॅन करून दिला. सीटीला पेसमेकरची अडचण नसते, पण नस नेमकी कुठं दबली आहे हे त्यात नीट कळलं नाही. कार्ड घरात सापडेना. मुलाला मात्र ऑपरेशनच्या वेळची फाइल मिळाली. तिच्यात डबीचा एक आणि वायरींचे दोन असे तीन स्टिकर चिकटवलेले होते. ते नंबर घेऊन आम्ही पेसमेकरच्या ओपीडीत गेलो. तिथं कळलं की डबी आणि दोन्ही वायरी एमआरआयला चालणाऱ्या आहेत. हृदयाच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आणि मोठ्या रुग्णालयातली तारीख मिळाली.

त्या दिवशी काय झालं ते सांगते, कारण तुमच्या बाबतीतही एवढं व्हायलाच हवं. आधी पेसमेकरचा तंत्रज्ञ त्याचं यंत्र घेऊन आला. त्यानं बॅटरी आणि वायरी तपासल्या आणि पेसमेकर एमआरआयच्या मोडवर टाकला. आजींचं हृदय पूर्णपणे पेसमेकरच्या आधारावर चालतं, म्हणून बाहेरचं काही न ऐकता ठरावीक वेगानं ठोके देत राहील असं तो लावला. आजींना आत घेताना बोटाला ऑक्सिजन आणि नाडी दाखवणारा चाप होता, छातीवर ईसीजीच्या पट्ट्या होत्या, आणि बाहेर डॉक्टर शॉक देण्याचं यंत्र तयार ठेवून उभे होते. स्कॅन संपल्यावर तंत्रज्ञानं पुन्हा सगळं तपासून पेसमेकर पूर्वीसारखा लावला. नस दबलेली दिसली आणि पुढचा इलाज वेळेत सुरू झाला.

ज्यांना शॉकची मशीन आहे त्यांनी शेवटच्या पायरीकडे जास्तच लक्ष द्या. स्कॅनच्या वेळी शॉकचं काम बंद करून ठेवतात. नंतर ते पुन्हा चालू करावं लागतं. ते राहून गेलं तर माणूस ठणठणीत चालत घरी येतो, पण त्याच्यावरचा पहारा उठलेला असतो. म्हणून टेबलावरून उतरल्यावर विचारायचं, “शॉक परत चालू केला का? कागदावर लिहून द्या.” हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि मशीन जुनी, अटींत न बसणारी असेल तर? तरीही दार पूर्ण बंद नाही. अमेरिकेत अशा जुन्या मशीनवाल्यांचे दीड हजार एमआरआय कडक देखरेखीखाली केले गेले. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. छातीचा भाग सोडून बाकी शरीराचे ते स्कॅन होते, आणि स्कॅनच्या वेळी कुणाचा मृत्यू झाला नाही. एका शॉकच्या मशीनची आधीची सेटिंग नीट केलेली नव्हती, ती मात्र बदलावी लागली. म्हणजे धोका यंत्राचा जेवढा, तेवढाच निष्काळजीपणाचाही. असा स्कॅन गल्लीतल्या केंद्रात नव्हे, हृदयाचे डॉक्टर हजर असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करायचा. छातीत तुटलेली किंवा सोडून दिलेली जुनी वायर असेल, किंवा मशीन बसवून सहा आठवडेही झाले नसतील, तर डॉक्टर सहसा थांबायला सांगतात. तिथं हट्ट करू नका.

आता कार्डाबद्दल. जातीचा दाखला आपण लॅमिनेशन करून पेटीत ठेवतो, कारण त्याच्यावाचून काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. पेसमेकरचं कार्ड त्याच पेटीत हवं, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. पण सगळा दोष आपल्या माणसांवर टाकणं मला मान्य नाही. कित्येकांना डिस्चार्जच्या गर्दीत इंग्रजी कागदांचा गठ्ठा हातात दिला जातो. त्यात कार्ड कोणतं आणि ते कशासाठी, हे कुणी मराठीत सांगत नाही. फुकटच्या योजनेतून बसवलेली मशीनसुद्धा तुमच्याच छातीत आहे, तिचा नंबर हा तुमचा हक्क आहे. मिळाला नसेल तर बसवलेल्या रुग्णालयात अर्ज करून मागा. काहीच सापडलं नाही तर छातीचा एक्स-रे काढा. डबीवरची खूण त्यात दिसते, आणि जाणकार डॉक्टर त्यावरून कंपनी ओळखतात.

मोबाइल वापरू का, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. खुशाल वापरा. मशीनपासून १५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर लांब ठेवा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा. डाव्या बाजूला मशीन असेल तर शर्टाच्या डाव्या खिशात फोन ठेवायचा नाही. झोपताना छातीवरही नाही. काही नव्या महागड्या फोनच्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबकाची कडी असते. तसा फोन छातीवर ठेवल्यावर शॉकच्या मशीनचं काम थांबल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

माझ्या मते लोक मोबाइलला नको तेवढे घाबरतात आणि चुंबकाला हवं तेवढं घाबरत नाहीत. पेसमेकरजवळ चुंबक आला की तो ठरावीक वेगानं ठोके देऊ लागतो. छातीत वेगळं वाटेल, धडधडेल, चुंबक दूर केला की बहुधा पूर्ववत होईल. शॉकच्या मशीनचं तसं नाही. चुंबक जवळ असेपर्यंत ती शॉक द्यायचं थांबते, आणि माणसाला काहीही जाणवत नाही. काही मशीन पीप-पीप वाजतात, काही गप्प राहतात. नेमकं त्याच वेळी हृदय बिघडलं तर मशीन असून नसल्यासारखी.

आणि चुंबक आपल्या घरात कुठं कुठं आहे ते पाहा. कार्यक्रमात छातीवर लावायचे काही बिल्ले टाचणीऐवजी चुंबकानं चिकटतात, तेही डाव्या बाजूला, बरोबर मशीनवर. टाचणीचा बिल्ला घ्या. भंगारात फोडलेल्या स्पीकरचे चुंबक असतात. जयंतीला स्पीकरचा खोका छातीशी धरून उचलायचं काम दुसऱ्यावर सोपवा. इअरफोनच्या बोंड्यातही छोटा चुंबक असतो, म्हणून तो खिशात किंवा गळ्यात लोंबकळत ठेवू नका. आणि ‘मोफत शिबिर’ म्हणून येऊन गुडघेदुखी-बीपीवर चुंबकाची गादी, पट्टा, कडं विकणारे! मशीनवाल्या माणसाला त्यांची गादी म्हणजे विकतचं संकट. कुणी सांगतो म्हणून मानू नका असं भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं. या विक्रेत्यांना तेच लावा.

राहिलं विमानतळाचं. बुद्धगयेला विमानानं जाणारे आणि आखातातल्या मुलाकडे जाणारे विचारतात. तीच चौकट मेट्रोत आणि मॉलमध्येही असते. चौकटीतून नेहमीच्या चालीनं सरळ पार व्हा. तिच्यात रेंगाळू नका, तिला टेकून रांगेत उभं राहू नका. ती वाजली तरी घाबरायचं कारण नाही, डबी धातूची आहे. शरीराचं चित्र काढणाऱ्या स्कॅनरनं मशीनला काही होत नाही. सांभाळायचं ते जवानाच्या हातातलं डिटेक्टर, कारण त्यात चुंबकीय क्षेत्र असतं आणि ते वाजलं की तो त्याच जागी पुन्हा पुन्हा धरतो. रांगेत आपली पाळी येण्याआधीच कार्ड हातात ठेवा आणि मशीनच्या जागेवर बोट ठेवून सांगा, “इथं पेसमेकर आहे, हे मशीन इथं धरू नका, हातानं तपासा.”