मूर्तीची जाहिरात शेवटून वाचावी

गणपतीच्या नोंदणीची जाहिरात हातात आली की आपण आधी उंची बघतो, मग किंमत. माझ्या मते वाचन शेवटून सुरू व्हावे, विसर्जनाच्या ओळीपासून, कारण मूर्ती कुठे विरघळणार हे ठरले की बाकीचे तपशील आपोआप ठरतात. आमच्या साजगावात विसर्जन म्हटले की पाताळगंगा नदी आठवते. पण घरच्या बादलीत विसर्जन करायचे असेल, तर मूर्ती प्रभावळीसकट पूर्ण बुडली पाहिजे. नेहमीच्या बादलीत नऊ इंचांची मूर्ती सहज मावते, दीड फुटांची मावत नाही. म्हणून ‘दीड फूट, घरगुती विसर्जन’ असे लिहिलेले दिसले, तर मोठे पिंप किंवा टाकी आहे का, हे आधी घरात बघावे.

साहित्याच्या रकान्यात नुसते ‘इको-फ्रेंडली’ पुरेसे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. मात्र जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवायला व विकायला मुभा दिली आणि नैसर्गिक पाण्यात विसर्जनावरची बंदी कायम ठेवली. त्यामुळे शाडू आणि प्लॅस्टर असे दोन्ही प्रकार बाजारात शेजारी असतात आणि पारख आपल्यालाच करावी लागते. मूर्ती उलटी करून तळाच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत आणि थोड्या वेळाने बोट घासावे. कच्च्या शाडूचा चिकट चिखल बोटाला लागतो, प्लॅस्टर पाणी पिऊनही घट्टच राहते. तळही रंगवलेला असेल तर विक्रेत्याला कारण विचारावे. रंगाचेही तसेच. ऑइलपेंट किंवा वॉर्निशचा थर पाणी आत जाऊ देत नाही, मग शाडूसुद्धा विरघळायला रेंगाळतो आणि रंगाचे पापुद्रे तरंगत राहतात. ‘सुरक्षित रंग’ या शब्दांऐवजी ‘पाण्यात मिसळणारे रंग, वॉर्निश नाही’ असे लिहून घ्यावे.

शाडू महाग आहे, जड आहे, वाहतुकीत हात-कान तुटतात, हा आक्षेप खरा आहे. दुसरा आक्षेप त्याहून वजनदार आहे: शाडू बराचसा गुजरातेतून येतो आणि नदीत टाकला तर गाळच वाढवतो. मला तो मान्य आहे, आणि म्हणूनच विसर्जन बादलीत हवे. खाली बसलेली माती गाळून, वाळवून मूर्तिकाराला परत देता येते. पुण्यात ‘पुनरावर्तन’ मोहिमेत अशी माती गोळा केली जाते. पेणच्या कारखान्यांशी व्यवहार असणाऱ्या आपल्या विक्रेत्यांनी परतीची सोय जाहिरातीतच लिहायला हरकत नाही.

राहिली नोंदणीची मुदत. ती लवकरची असेल तर रागावू नये. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत शाडू सावकाश सुकतो, आणि ओल राहिलेल्या मूर्तीवर रंग चढवला तर तो सुटतो, मूर्तीला तडे जातात. चतुर्थीच्या आठवडाभर आधीपर्यंत हवी ती उंची, हवा तो आकार नव्याने घडवून देतो म्हणणाऱ्याला माती कधी लावणार आणि सुकवणार कधी, एवढे विचारून मगच आगाऊ रक्कम द्यावी.