बाटलीतला पांढरा साका



‘नामर्दी, शीघ्रपतन, स्वप्नदोष, शर्तिया इलाज’ ही अक्षरं आता शाळेच्या वाटेवरच्या भिंतीवर आली आहेत. आठवीतला पोरगा ती वाचतो आणि आपल्याला यातलं काय झालंय ते शोधू लागतो. चीड सगळ्यांनाच आहे, ती नव्याने आणायला हे पत्रक नाही. त्या भिंतीमागच्या खोलीत जे चालतं, त्यातली मुख्य लबाडी आधी उघडी करायची आहे, कारण पुढचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे.

पोरगा आत गेला की त्याला काचेच्या बाटलीत लघवी आणायला सांगतात. बाटली थोडा वेळ तशीच ठेवतात. तळाला पांढुरका साका बसतो. ‘पाहिलंस? धातू चाललाय. आता थांबवला नाही तर लग्न विसर.’ विशीतल्या पोराचं तोंड उतरतं आणि कोर्स ठरतो.

तो साका बहुतेक वेळा फॉस्फेटचा असतो. जेवणानंतर लघवीतली आम्लता कमी होते, मग त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले राहत नाहीत, खाली बसतात. चांगल्या धडधाकट माणसाच्या लघवीतही हे होतं. खात्री करायची तर त्यात थोडं व्हिनेगर घाला. फॉस्फेट असेल तर गढूळपणा बघता बघता जातो. वीर्य असं व्हिनेगरने नाहीसं होत नाही. गढूळपणा तसाच राहिला, सोबत जळजळ किंवा ताप असला, तर पू असू शकतो. तेव्हा लघवीची तपासणी करून घ्यायची, चूर्ण नाही. झोपेत वीर्य गेल्यावर पहिल्या लघवीत थोडं उरतं, शौचाला जोर केला की एखादा चिकट थेंब येतो. यात रोग नाही.

दुसरी थाप आपल्या घरातूनच येते: शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य. हिशेब करू. एका वेळी साधारण तीन मिलिलिटर वीर्य जातं, म्हणजे साठेक थेंब. शंभराने गुणा, सहा हजार थेंब, म्हणजे जवळपास ३०० मिलिलिटर रक्त. रक्तदानाची एक पिशवी ३५० ची असते. हे खरं असतं तर नव्या नवरदेवाला पहिल्याच आठवड्यात रक्तपेढीत न्यावं लागलं असतं, आणि हळदीच्या मांडवात सलाईनचा स्टँड लागला असता.

म्हणजेच हस्तमैथुनानेही माणूस खचत नाही. हे मराठीत स्पष्ट सांगणारे र. धों. कर्वे. त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ चाललं. वाचकांच्या अशाच प्रश्नांना खरी उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. खरं सांगणाऱ्याला दंड, खोटं चिकटवणाऱ्याला भिंत मोकळी.

‘पण माझ्या मित्राला फरक पडला ना!’ हे ऐकून ऐकून कान किटले. पडेलच. अशा ‘शंभर टक्के जडीबुटी’च्या पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं वेळोवेळी सापडलं आहे. ताठरतेसाठी मेडिकलवर डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळणारी हीच ती गोळी. फरक एवढाच की पुडीत ती किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या काकांनी ही पुडी घेतली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ‘आयुर्वेद आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: शिकलेला, नोंदणीकृत वैद्य नाव-नंबर लावून बसतो आणि बाटलीतला साका विकत नाही.

खरा डॉक्टर ओळखायचा तर तो काय विचारतो ते बघा. पहाटे ताठरता येते का? येत असेल तर नसा-रक्तवाहिन्या बहुधा ठीक आहेत, अडचण काळजीची असण्याचा संभव जास्त. मग साखर, रक्तदाब, तंबाखू-दारू, कोणत्या गोळ्या चालू आहेत, झोप. चाळिशीनंतर ताठरता हळूहळू कमी होत गेली तर तो हृदयाचीही चौकशी करतो, कारण बारीक रक्तवाहिन्या आधी तक्रार करतात. तो चिठ्ठी लिहून देतो आणि ती दुसऱ्या कुणालाही दाखवता येते. भोंदू पुडीवर काहीच लिहीत नाही, गॅरंटी मात्र देतो. कोणताही डॉक्टर शरीराची गॅरंटी देत नाही. आणि लाजेचं म्हणाल, तर डॉक्टरपुढे दहा मिनिटं लाजणं हे भोंदूच्या खोलीत सहा महिन्यांचा कोर्स विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता भिंतवाले आणि छापखानेवाले. ‘आम्ही फक्त जागा दिली, आम्ही फक्त छापलं’ हे चालणार नाही. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या कलम ३ मध्ये कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात बंद आहे, आणि अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेणंही बंद आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, पुढच्या वेळी वर्षापर्यंत. नोंदणीकृत डॉक्टरला सूट आहे, पण ती त्याच्या स्वतःच्या दवाखान्यावरच्या पाटीपुरती. तुमच्या कुंपणाची भिंत म्हणजे त्याचा दवाखाना नव्हे. तेव्हा चुना आणा आणि भिंत रंगवा. त्याआधी जाहिरातीचा नंबरासकट फोटो काढून ठेवा, तक्रारीला तो लागेल.