माहेरचं आडनाव हे काही गुपित नव्हे!

'आईचं माहेरचं आडनाव काय?' ईमेल खातं बंद पडलं की ओळख पटवायला हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे हे कुणाला ठाऊक नसतं? सोयरीक जुळवताना पहिली चौकशी तीच!

आमच्या बचत गटाच्या सचिव ताई लेकीकडे पुण्याला गेल्या होत्या. तिच्या फोनवरून गटाचं ईमेल उघडताना दोनदा पासवर्ड चुकला. फोन नवा, गाव नवं, पासवर्ड चुकीचा. 'संशयास्पद प्रयत्न' म्हणून खात्याला कुलूप लागलं. यात वावगं काहीच नाही, चोर असता तर आपल्याला हेच हवं होतं. खरी पंचाईत पुढे झाली. 'पहिली शाळा कोणती?' या प्रश्नाला पूर्वी 'झेडपी' लिहिलं होतं की 'जिल्हा परिषद', तेच ताईंना आठवेना. पडताळणीचा कोड गेला तो खातं उघडून देणाऱ्या पुतण्याच्या नंबरवर, आणि तो नंबर केव्हाच बंद झालेला!

मी म्हटलं, "ताई, तिथून खटपट करू नका, घरी या." घरी नेहमीचा फोन, नेहमीचं इंटरनेट आणि आठवत असलेला जुना पासवर्ड, या खुणा जुळल्या आणि दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. दरवेळी उघडेलच असं नाही, पण परक्या फोनवरून शक्यता आणखी कमी होते.

गुप्त प्रश्न किती कच्चा असतो, हे २००८ मध्ये जगाने पाहिलं. अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं खातं एका तरुणाने फोडलं. जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी भेट कुठे झाली, ही उत्तरं त्याला इंटरनेटवर शोधूनच मिळाली. गुगलनेही २०१५ मध्ये असे प्रश्न ना सुरक्षित, ना भरवशाचे, असा निष्कर्ष काढला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, जिथे असा प्रश्न अजून विचारतात तिथे खरं उत्तर देऊच नये. शाळेच्या जागी 'पाटा-वरवंटा' लिहावं आणि वहीत टिपून ठेवावं. दुसरं, खात्याला जोडलेला नंबर आपला स्वतःचा, चालू असलेला हवा. बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो, मग आपला कोडही त्याच्याकडेच जाणार! आणि इशाऱ्याचा मेल आला, तर त्यातल्या लिंकवर बोट न ठेवता खातं स्वतः उघडून बघावं. फोन करून कोड मागणाऱ्याला तर तो कधीच सांगू नये.

मैत्रिणींनो, कपाटाची किल्ली आपण कंबरेला खोचतो. मग या कुलपाची किल्ली पुतण्याच्या खिशात कशाला?