मेल सहा दिवस पडून, आणि रिपोर्ट हिरवागार

परवा एका कंपनीच्या सपोर्ट सिस्टिमचं काम बघत होतो. नाव नको. ऑफिस साताऱ्यात, पार्ट्सचं गोडाऊन सांगलीत. तासगावच्या एका डीलरने शुक्रवारी संध्याकाळी ५:४० ला मेल टाकला होता: द्राक्षबागेतल्या ब्लोअरच्या पंपाचा डायफ्रॅम फाटलाय, कधी मिळेल? ऑक्टोबर छाटणी झालेली, वर पाऊस. अशा वेळी फवारणी दोन दिवस लांबली तरी डाउनी हातपाय पसरतो.

उत्तर गेलं गुरुवारी! आणि रिपोर्टमध्ये सगळं वेळेत.

हे झालं कसं? मेल आल्याआल्या ऑटो-रिप्लाय गेला, तोच 'पहिलं उत्तर' म्हणून मोजला गेला. शनिवारी साताऱ्याने मेल सांगलीला ढकलला, तिथे घड्याळ पुन्हा शून्यावर. रविवारी सांगलीचा माणूस रजेवर, सोमवारी गोडाऊनची साप्ताहिक सुट्टी. मंगळवारी 'मॉडेल नंबर कळवा' असं विचारून तिकीट 'ग्राहकाकडे प्रलंबित' केलं, घड्याळ थांबलं. डीलरने तासाभरात नंबर कळवला, पण थांबलेलं घड्याळ पुन्हा सुरूच झालं नाही. खोटं कुणीच बोललं नाही, पण घड्याळ कंपनीचं होतं, ग्राहकाचं नव्हतं.

माझं मत सरळ आहे. ग्राहकाचा सर्वांत जुना अनुत्तरित मेल आला की घड्याळ सुरू, आणि ते फक्त माणसाने लिहिलेल्या उत्तराने थांबेल. मेल या टेबलवरून त्या टेबलवर गेला म्हणून नाही. 'बघतो' एवढंच उत्तर चालणार नाही. पुढचं कधी कळवणार ती वेळ त्यात हवी, आणि तीच नवी मुदत. ग्राहकाला काही विचारलं तर त्याचं उत्तर येताच घड्याळ पुन्हा चालू.

समजा, मुदत कामाचे ४ तास आणि ऑफिस सोमवार ते शनिवार १० ते ६. शुक्रवारची २० मिनिटं धरली तर मुदत शनिवारी १:४० ला संपते. १२:४० ला, म्हणजे तासभर आधी, ज्याच्याकडे मेल आहे त्याला आठवण. १:४० ला थेट मॅनेजरला फोन, आणि तो सुट्टीवर असेल तर त्याच्या जागी कोण हे आधीच लिहिलेलं. फोन अशाच माणसाला जावा, जो गोडाऊनमधून पार्ट काढायला सांगू शकतो. 'सगळ्यांना सीसी' म्हणजे कुणालाच नाही.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यातही हेच आहे. आधी पदनिर्देशित अधिकारी, मग पहिलं अपील, मग दुसरं, आणि कारण नसताना उशीर केला तर ५०० ते ५००० रुपये दंड. प्रत्येक पायरीवर ठरलेला माणूस.

एक सावधगिरी मात्र हवी. मॅनेजरला रोज वीस फोन जायला लागले तर आठवड्यात तो उचलणं बंद करेल. तेव्हा मुदत चुकलीय किंवा माणसं कमी आहेत असं समजा.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की सरासरी बघू नका. सर्वांत जुना अनुत्तरित मेल कितव्या दिवसाचा आहे, तेवढं बघा.