मुलाखतीच्या अखेरीस विचारावयाचे प्रश्न

मुलाखत संपत आली की समोरची व्यक्ती कागद आवरत विचारते, “आपणांस काही विचारायचे आहे का?” बहुतेक उमेदवार नम्रपणे “नाही सर” म्हणून उठतात. वास्तविक, उमेदवाराने नोकरीची परीक्षा घेण्याची वेळ हीच. मात्र त्यासाठी प्रश्नाची घडण योग्य हवी.

वरसाव्यातील एका वाणिज्य पदवीधर मुलीचे उदाहरण कल्पावे. लेखा विभागातील सहायकाच्या जागेसाठी तिने दोन ठिकाणी मुलाखत दिली आहे, एक अंधेरीत आणि एक ठाण्यात. पगार जवळपास सारखाच. अंधेरीला जायचे तर महामार्ग आणि ठाण्याला जायचे तर घोडबंदर रस्ता. वरसावे नाक्यावरील कोंडी दोन्हीकडे. तेव्हा कार्यालयातून सुटण्याची खरी वेळ कोणती, हे तिला कळणे आवश्यक आहे.

“येथील वातावरण कसे आहे?” असे विचारल्यास दोन्हीकडून एकच उत्तर मिळेल: “आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत.” हे उत्तर खोटेच असेल असे नाही, पण त्यावरून काहीच ठरवता येत नाही. मत विचारले की मत मिळते. म्हणून घडलेली गोष्ट विचारावी, आणि तीही अगदी अलीकडची.

ही मुलगी विचारते, “गेल्या महिन्यात जीएसटीआर-3बी भरण्याच्या दिवशी विभागातील मंडळी किती वाजता घरी गेली?” हे विवरण दरमहा भरणाऱ्या बहुतेक व्यापाऱ्यांसाठी 20 तारीख ही शेवटची असते, आणि त्याआधी 11 तारखेला जीएसटीआर-1 भरावयाचे असते. त्या दिवसांत काम वाढणारच. ते कोणत्या पद्धतीने पेलले जाते, एवढेच पाहायचे असते. अंधेरीचे अधिकारी हसून म्हणतात, “त्या दिवशी घड्याळ पाहायचे नसते.” ठाण्याच्या बाई सांगतात, “साडेआठ वाजले. एका पुरवठादाराची बिले उशिरा आली. आता आम्ही 5 तारखेपासूनच त्यांचा पाठपुरावा करतो.” उशीर दोन्हीकडे होतो. पण दुसऱ्या उत्तरात वेळ आहे, कारण आहे आणि त्यावर केलेला उपायही आहे.

दुसरा प्रश्न जागेविषयीचा: “या कामावर पूर्वी कोण होते, आणि ते आता कोठे आहेत?” व्यवसाय वाढल्यामुळे जागा नव्याने निर्माण झाली असेल, तर तसे सहज सांगितले जाते. आधीची व्यक्ती त्याच संस्थेत वरच्या कामावर गेली असेल, तर ती चांगली खूण. “आजकालची मुले टिकतच नाहीत,” असे उत्तर आल्यास सौम्यपणे पुढे विचारावे, “गेल्या दोन वर्षांत या जागेवर किती जण होऊन गेले?” तीन किंवा चार हा आकडा ऐकू आला, तर दोष सर्वच मुलांचा असणे कठीण.

तिसरा प्रश्न शिकवण्याविषयीचा: “पहिल्या तीन महिन्यांत मी कोणते काम स्वतंत्रपणे करू लागावे अशी अपेक्षा आहे, आणि ते कोण तपासणार?” उत्तरात एखाद्या व्यक्तीचे नाव आले, तर शिकवणारे कोणी आहे. “हळूहळू कळेल” असे उत्तर आले, तर चुकीचे खापर नवख्याच्या माथी फुटण्याचा संभव अधिक.

हे प्रश्न कोणाला विचारावयाचे, यालाही महत्त्व आहे. मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यास 20 तारखेची रात्र ठाऊक नसते. तिथे रजा, कामाचे दिवस आणि राजीनाम्याच्या पूर्वसूचनेचा कालावधी विचारावा. कामाचे प्रश्न भावी वरिष्ठांसाठी राखावेत. मुलाखत दोन फेऱ्यांत झाल्यास एकच प्रश्न दोघांना स्वतंत्रपणे विचारावा. शब्द वेगळे असावेत, हे स्वाभाविक. हकीकतच वेगळी निघाली, तर सावध व्हावे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एखादे उत्तम वरिष्ठ बोलण्यात संकोची असतात. आधीचा कर्मचारी का गेला, हे सांगणे काहींना त्याच्याविषयी अनुचित वाटते. म्हणून एका अडखळलेल्या उत्तरावरून निर्णय करू नये. पण साध्या प्रश्नावर समोरची व्यक्ती चिडली, किंवा तिन्ही उत्तरांत एकही दिवस, नाव वा प्रसंग आला नाही, तर ती खूण दुर्लक्षू नये. प्रश्न तीनच पुरेत. दहा विचारले की ती उलटतपासणी वाटते.

बाहेर पडताच, बसची वाट पाहतानाच, मिळालेली उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवावीत. नेमणुकीचे पत्र हाती आले की त्यातील आकड्याच्या आनंदात “घड्याळ पाहायचे नसते” हे वाक्य सोयीस्कररीत्या विसरले जाते. घरातील वडीलधाऱ्यांनीही “पगार किती?” या प्रश्नानंतर “त्यांनी काय उत्तर दिले?” हे आवर्जून विचारावे, आणि मगच होकार कळवू द्यावा.